मदत हवी आहे: भातशेतीच्या अन्नजाळ्यात धामण कुठल्या पातळीवर?

नववीच्या तक्त्यासाठी अन्नजाळे काढतेय. भात पहिल्या पातळीवर, नाकतोडा आणि उंदीर दुसऱ्या, बेडूक तिसऱ्या. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे, म्हणजे ऊर्जा जाते त्या दिशेने आहेत. अडलंय धामणीपाशी: उंदीर खाल्ला तर ती तिसऱ्या पातळीवर, बेडूक खाल्ला तर चौथ्या.

दहा टक्क्यांच्या ढोबळ नियमाने भातातल्या 10,000 किलोज्यूलपैकी उंदरामार्गे धामणीपर्यंत 100 पोहोचतात, बेडकामार्गे जेमतेम 10. बाकीची श्वसनात, उष्णतेत, विष्ठेत जाते. धामण दोनदा काढून पाहिली, पण मग बेडूक खोडल्यावर नाकतोडे वाढतात आणि धामण उंदरांकडे वळते, हा परिणाम एका नजरेत दिसत नाही.

तक्ता एकरंगी छापायचाय, त्यामुळे रंग चालणार नाहीत. धामण एकदाच, दोन पातळ्यांच्या मधे काढून दोन्ही बाणांवर आकडे लिहिले तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर ठरेल का?