मदत हवी आहे: क्विकसिलेक्ट शून्यांपाशी अडकतं

दापोली ते वेंगुर्ले पट्ट्यातल्या केंद्रांच्या रोजच्या पावसाच्या 1,00,000 नोंदींतून मध्यक काढायचा आहे, म्हणजे k = 50,000. पावसाळा सोडला तर आपल्याकडे कोरडेच दिवस, त्यामुळे साधारण 60,000 नोंदी शून्य आहेत.

पिव्हट रँडम घेतलाय. नोंदी वेगवेगळ्या असत्या तर सरासरी साडेतीन लाखांच्या आसपास तुलना पुरल्या असत्या. इथे मात्र प्रोग्राम संपतच नाही. कारण विभागणीत `a[j] < p` अशी अट आहे. पिव्हट शून्य आला की बाकीची सगळी शून्यं उजवीकडे जातात, पिव्हट डाव्या टोकाला बसतो आणि फेरीत एकच नोंद कमी होते. म्हणजे 60,000 + 59,999 + … असं 50,000 फेऱ्या, सुमारे 175 कोटी तुलना! रँडम पिव्हट क्रमवारीतल्या डेटापासून वाचवतो, सारख्या किमतींपासून नाही.

लहान, समान, मोठे असे तीन भाग केले तर k समान भागात पडताच काम संपतं, हे पटतं. पण त्यात अदलाबदल वाढते. त्याऐवजी दोन्ही टोकांकडून येऊन समान किमतीवरही थांबणारी होअरची विभागणी इथे पुरेल का? शून्यं मग दोन्हीकडे निम्मी वाटली जातील ना? कोणी दोन्ही मोजून पाहिलंय का?