प्रश्नातच उत्तर

"कायद्यातल्या संशोधनाचा प्रस्ताव मांडताना पॅनेलने 'फील्डवर्क का नाही?' विचारलं तर काय सांगायचं?"

'वेळ नाही' हे मात्र सांगू नका. फील्डवर्क लागतं की नाही, हे प्रश्नाच्या शब्दांवरच ठरतं. पुण्यातल्या लिव्ह अँड लायसन्सचंच बघा. 'नोंदणीमुळे वाद कमी झाले का?' असं लिहिलंत की आकडेवारी मागणारच. तो प्रश्न डॉक्ट्रिनल, म्हणजे फक्त कायदा आणि निकाल वाचून सुटणारा, नाहीच. त्याऐवजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 उघडा. कलम 24 लेखी कराराला निर्णायक पुरावा मानतं, तर कलम 55 नोंदणी सक्तीची करतं. मग लेखी पण अनोंदणीकृत करार कलम 24 खाली निर्णायक ठरतो का? याचं उत्तर कायद्याच्या मजकुरात आणि निकालांत शोधायचं आहे, घरमालकांच्या मुलाखतींत नाही.

व्याप्ती आणि मर्यादा यांत हमखास गल्लत होते. फक्त राहती घरं घेतली ही व्याप्ती, आणि तिचं कारण कलमातच आहे: 24 राहत्या जागेपुरतंच आहे. कलम 24 खालचे अर्ज ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचे आदेश सहसा लॉ रिपोर्टमध्ये येत नाहीत, ही मर्यादा. त्यामुळे निष्कर्ष उच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्या प्रकरणांपुरताच राहील, हे पॅनेलने विचारायच्या आधी आपणच म्हणून टाकावं.