आधी शेती की आधी मुक्काम?

गुरुजी_सातारा: ‘शेतीच्या शोधाचे सामाजिक परिणाम लिहा’ या प्रश्नाचे अकरावीच्या मुलांसाठी आदर्श उत्तर. शेतीचा शोध लागला, त्यामुळे भटका माणूस स्थिर झाला. धान्य मुबलक झाले, शिलकीतून श्रीमंत-गरीब भेद आला आणि गावप्रमुख निर्माण झाला. एवढे लिहा, पूर्ण गुण.

खापरवेडी: सर, हे वाचून राहवलं नाही. तुमचा क्रमच उलटा आहे. सीरियातलं युफ्रेटिसकाठचं अबू हुरेरा घ्या. धरणाचं पाणी चढण्याआधी, 1972-73 मध्ये तिथे घाईघाईनं उत्खनन झालं. सुमारे 13,000 वर्षांपूर्वी तिथली माणसं जमिनीत खड्डे खणून, वर छपरं घालून राहत होती. जळालेल्या बिया सापडल्या त्या वेगवेगळ्या ऋतूंत पिकणाऱ्या रानवनस्पतींच्या, म्हणजे वस्ती बहुधा बारमाही होती. खायला गझेल हरणं आणि रानधान्य. शेती नंतर आली.

आणि ‘मुबलक धान्य’ म्हणता, ते दळलं कुणी? तिथेच नंतर वसलेल्या शेतकरी गावातल्या अनेक सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघ्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा. त्यात बायका जास्त. गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून रोज तासन्‌तास दगडावर धान्य रगडल्याची ही हाडं. सामाजिक परिणाम लिहायचा तर हा लिहा.

रानवेडा: अगदी बरोबर! शेती हीच माणसाची घोडचूक. शिकारी माणूस दोन-चार तास हिंडायचा, पोटभर खायचा, आजारी पडायचा नाही. शेती आली आणि दात किडले, उंची घटली, गुलामी आली.

शेतकरीपुत्र: घोडचूक? आमचा कांदा या वर्षी मातीमोल गेला, वडील अजून झोपलेले नाहीत, आणि तुम्ही शहरात बसून शेतीला चूक म्हणता? आधी ताटातली भाकरी बाजूला ठेवा, मग बोला.

रानवेडा: दहा हजार वर्षांपूर्वीचं बोलतोय. कांद्याचा काय संबंध?

शेतकरीपुत्र: संबंध आहे. पिकवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, हे तेव्हापासूनचंच. तुमच्या पुस्तकात ते येत नाही.

मीनल_ग: माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. गुडघे कायमचे गेले होते, शेवटी भिंत धरून चालायची. ती हाडं माझ्या डोळ्यांसमोर आली. दळणाचं काम बायकांच्याच वाट्याला का, यावर एकही मुद्दा नाही, सर?

खापरवेडी: मीनलताई, त्यांच्याकडे जातं नव्हतं. पाटा-वरवंट्यासारखा प्रकार होता, पुढेमागे रगडायचा. म्हणून तर अंगठ्यावर भार. पण सगळ्याच बायकांच्या हाडांत खुणा नाहीत आणि थोड्या पुरुषांच्याही आहेत.

रानवेडा, तुमचं अर्धंच खरं. पुष्कळ ठिकाणी दात आणि हाडं बिघडली हे दिसतं. पण आजार आणि उपासमार शिकाऱ्यांनाही होती. आणि शेतीपाठोपाठ गुलामी असं सरसकट होत नाही. तुर्कस्तानातलं चातालह्योयुक सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचं, हजारो लोकवस्तीचं. घरं साधारण सारखी, धान्याचे कोठे घराघरात, राजवाडा नाही. शिल्लक होती, राजा नव्हता.

गुरुजी_सातारा: मग इनामगाव काय आहे? आपल्याच शिरूर तालुक्यात उत्खननात सापडलेलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्यकोठार. अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष. इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले, याचे शाबूत. हा प्रमुख नाही तर कोण? आणि परीक्षक मुद्दे मोजतो, मुलांच्या गुणांची जबाबदारी तुम्ही घेणार का?

खापरवेडी: इनामगावला प्रमुख होता, हे मान्य. तिथली जोर्वेकालीन, म्हणजे ताम्रपाषाणयुगातली माणसं सातू पिकवत होती, पाण्यासाठी बंधारा आणि पाट होता. पाणी आणि कोठार ज्याच्या हाती, तो मोठा होणारच. पण पुढचं वाचा ना. इ.स.पू. 1000 नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, जनावरं आणि शिकार यांवर भर वाढला. म्हणजे शेतीकडून माघारीही फिरता येतं. तुमच्या ‘आधी हे, मग ते’ अशा सरळ क्रमात हे कुठे बसतं?

शेतकरीपुत्र: पाऊस कमी झाला असेल. आमच्याकडेही तेव्हा माणसं शेळ्यांवरच येतात.

खापरवेडी: उत्खनकांपैकी म. के. ढवळीकरांनी कोरडं हवामान हेच कारण दिलं. सगळ्यांना ते पटत नाही.

गुरुजी_सातारा: ‘काही ठिकाणी स्थिर वस्ती शेतीच्या आधीची’ एवढी ओळ घालतो, अबू हुरेराच्या नावासकट. प्रमुखाचा मुद्दा तसाच राहील.

मीनल_ग: आणि दळण?

गुरुजी_सातारा: जागा उरली तर.

मीनल_ग: प्रमुखाला जागा आहे, दळणारीला उरली तर. मी माझ्या वर्गात पहिला मुद्दा तोच सांगणार.