टँकरच्या मोजकाठीला 1e-16 टॉलरन्स लागतो का?

धागाकर्ता, परळी

टँकरची आडवी गोल टाकी आहे. व्यास 1.6 मीटर, लांबी 5 मीटर, म्हणजे साधारण 10,000 लिटर. पाव टाकीची खूण काठीवर कुठं पाडायची ते काढतोय. पाण्याच्या दोन्ही कडा केंद्रापाशी जो कोन करतात तो x धरला, तर `x - sin x = π/2` सोडवावं लागतं. अचूक उत्तर हवं म्हणून टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ती मर्यादा, 1e-16 ठेवला, तर प्रोग्रॅम थांबतच नाही. माझं मत, अंतर अर्धं करत जाणारी बायसेक्शन सोडून, दोन बिंदूंतून सरळ रेघ काढून पुढचा बिंदू शोधणारी सीकंट घ्यावी. पटतं का?

```python
from math import sin, pi

def g(x):
    return x - sin(x) - pi/2

a, b = 2.0, 3.0
while b - a > 1e-16:
    m = (a + b) / 2
    if g(m) < 0:
        a = m
    else:
        b = m
```

नांदेडची प्राध्यापिका

नाही पटत. बायसेक्शनचा इथं काही दोष नाही. 2 ते 4 या पट्ट्यात संगणकाच्या दोन शेजारच्या संख्यांमध्येच 4.4e-16 इतकं अंतर असतं. `a` आणि `b` शेजारी आले की `m` त्यांच्यापैकीच एक होतो आणि अंतर तिथंच अडकतं. ते 1e-16 च्या खाली जाणारच नाही. `m` आणि `b` छापून बघा, त्याच त्या संख्या येत राहतील.

टॉलरन्स काठीवरून ठरवा. खोली `0.8*(1 - cos(x/2))` मीटर. पाव टाकीजवळ x मध्ये 0.0027 ची चूक झाली तर खोलीत 1 मिलिमीटर फरक पडतो. 2 ते 3 हे अंतर नऊ वेळा अर्धं केलं की 0.00195 उरतं. काम झालं. x = 2.3099, खोली 47.7 सेंटिमीटर. तुमच्या खडूची रेघच 2 मिलिमीटर जाड असेल.

छत्रपती संभाजीनगर, तिसरं वर्ष

मॅडम, तरी नऊ फेऱ्या कशाला? सीकंटनं 2 आणि 3 पासून सुरू केलं तर 2.2715, 2.3058, 2.3099. तिसऱ्याच पायरीला उत्तर. लागोपाठची दोन उत्तरं जवळ आली की थांबायचं, सुरुवात कुठूनही करा.

बीड तालुक्यातून

गणित कळत नाही, पण टँकर कमी भरून येतो हे कसं धरायचं तेच विचारताय ना? आमच्या गावात उन्हाळ्यात रोजचं भांडण आहे. 1.6 मीटरचीच टाकी, ड्रायव्हर काठी बुडवून 40 सेंटिमीटर दाखवतो आणि म्हणतो पाव टाकी आहे.

नांदेडची प्राध्यापिका

बीडकर, प्रश्न तो नव्हता, पण तुमचं दुखणं याच समीकरणातलं आहे. 40 सेंटिमीटरला टाकीत 19.5 टक्केच पाणी असतं, कारण गोल टाकी तळाला अरुंद असते. 10,000 लिटरच्या टाकीत 2,500 ऐवजी सुमारे 1,955 लिटर. पुढच्या वेळी 47.7 वर बोट ठेवा.

तिसऱ्या वर्षाला: पायऱ्या बरोबर आहेत, "कुठूनही" चूक आहे. 0 आणि 0.1 पासून सुरू करून बघ. तिथं आलेख जवळजवळ आडवा आहे, त्यामुळे सीकंटची पहिलीच उडी 943 च्या आसपास पडते. कोन 0 ते 6.28 मध्येच असू शकतो! या समीकरणात पुढची पायरी 1.67 जवळ परत येते, पण प्रत्येक समीकरण असं परत आणून सोडत नाही. म्हणून मुळाच्या दोन्ही बाजूंची टोकं जपायची. सीकंटचा बिंदू त्यांच्या आत पडला तर घ्यायचा, बाहेर पडला तर मध्य घ्यायचा.

लातूर, पाणीपुरवठ्यात काम केलेला

मॅडमचं मिलिमीटर मला मान्य नाही. लोकांना पाणी लिटरमध्ये मिळतं. `g(x)` ला 2π नं भागलं की टाकीच्या हिश्शातली चूक सरळ मिळते. `|g| < 0.01` म्हणजे 16 लिटर. पाव टाकीपाशी 1 मिलिमीटरलाच सात लिटर जातात, तेव्हा 16 लिटर म्हणजे काठीवर दोन मिलिमीटर. लिटरवर थांबा, कोन कशाला बघायचा?

नांदेडची प्राध्यापिका

पाव टाकीला चालेल. तळाची 10 लिटरची खूण त्याच अटीनं काढा. तिथं `g` मध्ये π/2 च्या जागी 0.0063 येतो, म्हणून x = 0 घातलं तरी `|g|` 0.0063 च येतो, म्हणजे रिकामी टाकीसुद्धा "उत्तर" म्हणून पास. खूण शून्यापासून दोन सेंटिमीटरपर्यंत कुठंही पडेल, खरी जागा मात्र 1.1 सेंटिमीटर. म्हणून मी टोकांमधलं अंतरही तपासते.

लातूर, पाणीपुरवठ्यात काम केलेला

मग ती 16 लिटरचीच चूक झाली, आणि मी 16 लिटर मान्य केलेतच. तळाच्या 10 लिटरची खूण कोण पाडतं?

धागाकर्ता, परळी

1e-16 काढून 0.001 ठेवलं, दहा फेऱ्यांत थांबलं. आत्ता लक्षात आलं, आमच्या टाकीची दोन्ही तोंडं सपाट नाहीत, बाहेर फुगलेली आहेत. ते पाणी या समीकरणात येतच नाही. तिथं किती लिटरचा फरक पडतो, कुणी मोजलंय?