प्रश्नावली तपासायला तज्ज्ञांना पत्र: सही मागायची की गुण मागायचे?

कोरा कागद
परिचारिकांच्या कामाच्या ताणावर 28 विधानांची प्रश्नावली केली आहे. घटक चार: कामाचा भार, भूमिकेतली अस्पष्टता, वरिष्ठांचा आधार, घर-काम ओढाताण. प्रत्येकी सात विधानं. पायलटआधी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, एका पानाचं पत्र लिही, सोबत प्रमाणपत्राचा मसुदा जोड, सही आली की झालं. काही जण म्हणतात, प्रत्येक विधानाला गुण मागायला हवेत. पत्रात नेमकं काय मागावं?

नाना व.
मार्गदर्शकांचं ऐका. तज्ज्ञांना वेळ नसतो. सहा पानांचा गठ्ठा पाठवलात तर तो महिनाभर तसाच पडून राहील, मग तुम्ही आठवण करत बसाल. पत्र छोटं, प्रश्नावली सोबत, शेवटी "ही प्रश्नावली उद्दिष्टांना अनुरूप आहे" असं वाक्य आणि सहीला जागा. तीन तज्ज्ञ पुरेत. तिघांपैकी 80 टक्के सहमत असले की आशय वैधता सिद्ध.

मोजपट्टी
नाना, तिघांत 80 टक्के येतच नाहीत. एक जण नाही म्हणाला की थेट 67. मेरी लिन यांनी 1986 साली हे मोजायची पद्धत मांडली, तीत तज्ज्ञ किमान तीन चालतात हे तुमचं बरोबर. पण पाच किंवा त्याहून कमी असतील तर विधान ठेवायला सगळ्यांचं एकमत लागतं. एकाला तरी वेगळं म्हणायची मुभा हवी असेल तर सहा जण घ्या.

आता सहीबद्दल. प्रमाणपत्राचा मसुदा तुम्हीच लिहून पाठवला की तज्ज्ञ प्रश्नावली वाचत नाही, तुमचं वाक्य वाचतो. परत येतो तो कागद 28 विधानांपैकी एकाबद्दलही काही सांगत नाही. तोंडी परीक्षेत "हे विधान का ठेवलं?" असं विचारलं तर त्या सहीचा काय उपयोग?

पत्र एका पानाचंच असू दे, त्याबाबत वाद नाही. पण सोबत तीन कागद हवेत. पहिल्यावर उद्दिष्टं आणि चारही घटकांच्या दोन-दोन ओळींच्या व्याख्या. दुसरा म्हणजे प्रश्नावली जशी परिचारिकांच्या हातात पडणार तशीच, वरच्या सूचना आणि उत्तरांच्या पर्यायांसकट. तिसरा तक्ता: विधानाचा क्रमांक, विधान, सुसंगततेला 1 ते 4 गुण, शेऱ्याला जागा. पाच पायऱ्या ठेवू नका, मधल्या 3 वर सगळे जाऊन बसतात आणि त्यांना ठेवा म्हणायचंय की काढा ते कळत नाही. चारांत 3 आणि 4 म्हणजे ठेवा, 1 आणि 2 म्हणजे पुन्हा बघा.

हिशेब सरळ आहे. सहा जणांचे गुण 4, 4, 3, 4, 2, 3 आले तर सहापैकी पाच, म्हणजे 0.83. विधान राहतं. 4, 3, 2, 2, 4, 3 आले तर सहापैकी चार, 0.67. ते सुधारायचं किंवा काढायचं, आणि कोणतं ते 2 वाल्यांचे शेरे वाचून ठरवायचं.

शुभदा
सहीला माझाही विरोध आहे, पण मोजपट्टी, तुमच्या तक्त्याने खोटं समाधान मिळतं. एक विधान घेऊ: "कामाचे नियोजन करायला मला वेळ मिळतो आणि वरिष्ठही सहकार्य करतात." कामाच्या ताणाशी सुसंगत आहे का? आहेच. सहाही जण डोळे मिटून 4 देतील, हिशेब येईल 1.00. आणि विधान मोडकं! जिला वेळ मिळतो पण वरिष्ठ मदत करत नाहीत, तिने कुठे खूण करायची? शिवाय अर्धं विधान एका घटकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

नाणं उडवून गुण दिले तरी सहांपैकी पाच किंवा अधिक जण "ठेवा" म्हणण्याची शक्यता 64 मध्ये 7 असते. म्हणजे साधारण नऊ विधानांमागे एक निव्वळ योगायोगाने पास. त्या 0.83 वर इतका भरवसा कशाला? तज्ज्ञाला गुण मागू नका, शेरे मागा: कुठे अडलात, काय दोनदा वाचावं लागलं, काय राहून गेलंय. तीन प्रश्न, मोकळी जागा.

मोजपट्टी
योगायोगाचा हिशेब बरोबर आहे, पण तज्ज्ञ नाणं उडवत नसतात. जोडविधानाचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून तक्त्यात स्पष्टतेचा वेगळा रकाना करा आणि त्यात फक्त हो किंवा नाही मागा. "नाही" लिहिलं तर पर्यायी शब्दरचना त्यांनीच सुचवावी, हे पत्रात लिहा. केवळ मोकळी जागा ठेवली तर सहांपैकी चार जण "छान आहे, भाषा थोडी सोपी करावी" एवढंच लिहून पाठवतात. त्यातून कोणतं विधान बदलणार?

तिसरा बाक
माझ्या प्रश्नावलीचा क्रोनबाख अल्फा 0.62 आला आहे. गाईड म्हणतात कमी आहे. तज्ज्ञांना परत पत्र पाठवून व्हॅलिडेट करून घेतलं तर वाढेल का?

मोजपट्टी
नाही. अल्फा उत्तरं गोळा केल्यावर निघतो आणि तो विश्वसनीयतेचा आकडा आहे. तज्ज्ञ आशय बघतात. आधी उलट अर्थाच्या विधानांचे गुण फिरवलेत का ते तपासा, अल्फा पडण्याचं ते नेहमीचं कारण. घटक वेगवेगळे असतील तर सगळ्यांचा मिळून एकच अल्फा काढू नका. वेगळा धागा काढलात तर बरं.

शुभदा
उलट विधानांवरून आठवलं. ती तज्ज्ञांच्या तक्त्यात खुणेने दाखवा. नाहीतर "वरिष्ठ माझं म्हणणं ऐकतात" हे ताणाच्या प्रश्नावलीत चुकून आलंय असं वाटून कुणी 1 देतो आणि चांगलं विधान हकनाक जातं.

आता माझा खरा आक्षेप. कोणतं विधान कोणत्या घटकाचं, हे तक्त्यात छापू नका. "रजा मंजूर होईल याची मला खात्री नसते" हे समजा तुम्ही भूमिकेतल्या अस्पष्टतेखाली घातलंय. वर ते शीर्षक दिसलं की तज्ज्ञ "अस्पष्टता आहे खरी" म्हणून 3 देऊन पुढे जाईल. शीर्षक झाकून "हे चारांपैकी कशात बसतं?" असं विचारा, बहुतेक जण वरिष्ठांचा आधार म्हणतील. आणि ते बरोबर असेल, कारण इथे कामाची जबाबदारी अस्पष्ट नाही, वरिष्ठांचा निर्णय अनिश्चित आहे. पायलटमध्ये हे विधान आपल्या घटकाशी जुळणार नाही आणि मग कारण शोधत बसाल.

मोजपट्टी
पण घटक माहीत नसेल तर सुसंगतता कशाशी जोखायची? तज्ज्ञ "ताणाशी" म्हणून गुण देईल, तेव्हा सगळंच सुसंगत. लिन यांच्या पद्धतीत तज्ज्ञापुढे व्याख्या आणि घटक असणं गृहीतच आहे. शिवाय आधी वर्गवारी, मग गुण, म्हणजे तज्ज्ञाचा वेळ दुप्पट. नानांचा गठ्ठा मग खरंच पडून राहील.

शुभदा
सहांतल्या दोघांनाच झाकलेला तक्ता पाठवा आणि त्यांच्याकडून फक्त वर्गवारी घ्या. उरलेल्या चौघांना उघडा.

मोजपट्टी
मग गुण देणारे चारच उरले, आणि चौघांत पुन्हा एकमत लागणार. दोघं जास्तीचे शोधा, मग चालेल.

नाना व.
आठ तज्ज्ञ! एवढे आणणार कुठून? विद्यापीठाच्या नियमात प्रमाणपत्र मागितलं असेल तर सही लागणारच, ते तरी मान्य करा.

मोजपट्टी
नियम असेल तर घ्या, पण शेवटी. तक्ता भरून आला, दुरुस्त्या झाल्या, बदललेली विधानं त्यांना पुन्हा दाखवली की मग. सही पहिल्या मसुद्यावर आणि पायलटला गेली चौथी आवृत्ती, असं सर्रास होतं. म्हणून प्रश्नावलीच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, सहीच्या कागदावरही तीच. विधान काढलं तरी बाकीच्यांचे क्रमांक बदलू नका, नाहीतर दोन तज्ज्ञांचं "विधान 14" वेगवेगळं निघतं.

पत्राचा गाभा साधारण असा:

> आदरणीय महोदय / महोदया,
> सविनय नमस्कार.
> परिचारिकांच्या कामाच्या ताणाविषयीच्या माझ्या संशोधनासाठी 28 विधानांची प्रश्नावली (आवृत्ती 2) तयार केली आहे. पायलट चाचणीपूर्वी तिच्या आशयाची आपल्याकडून तपासणी व्हावी, अशी विनंती आहे. परिचर्या प्रशासनातील आपला अनुभव लक्षात घेऊन आपल्याला लिहीत आहे.
> सोबतच्या तक्त्यात कृपया प्रत्येक विधानाला त्याच्या घटकाशी असलेल्या सुसंगतीनुसार 1 ते 4 गुण द्यावेत, विधान स्पष्ट आहे की नाही ते नोंदवावे आणि 1 किंवा 2 गुण दिल्यास कारण एका ओळीत लिहावे. एखाद्या घटकाची महत्त्वाची बाजू राहून गेली असल्यास शेवटच्या रकान्यात सुचवावी. यासाठी साधारण 40 मिनिटे लागतील.
> अभिप्राय ____ तारखेपर्यंत मिळाल्यास दुरुस्त केलेली विधाने आपल्याला पुन्हा पाठवेन. प्रबंधात आपल्या नावाचा उल्लेख आपल्या संमतीनेच केला जाईल.
> आपली विश्वासू,

मुदत दोन आठवडे ठेवा, त्याहून लांबची तारीख विसरली जाते. प्रत्येकाला वेगळी मेल करा. सगळ्यांना एकाच मेलमध्ये घातलंत आणि ज्येष्ठांनी "सर्वांना उत्तर" दिलं की बाकीचे तेच गिरवतात. मार्गदर्शकांना सहांत धरू नका.

शुभदा
"का निवडलं" हे वाक्य प्रत्येकासाठी वेगळं लिहा. ज्यांना मापन चांगलं कळतं त्यांनी तक्त्याची रचना बघावी, ज्या रोज वॉर्ड सांभाळतात त्यांनी काय सुटलं ते सांगावं. आणि रात्रपाळीवर एकही विधान नाही, हे एखादी मेट्रनच सांगेल.

मात्र परिचारिकांना विधान कळेल का, हे तज्ज्ञाला विचारू नका. त्याला सगळंच कळतं. त्यासाठी पायलटआधी पाच-सहा परिचारिकांना समोर बसवून विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि "यातून तुम्हाला काय विचारलंय?" एवढंच विचारा. त्या पायलटमध्ये पुन्हा नकोत.

कोरा कागद
सहा जणांची नावं जमतील, आठ अवघड दिसतात. मग घटक झाकायचे की दाखवायचे?

मोजपट्टी
सहाच असतील तर दाखवा.

शुभदा
मी झाकले असते. निदान भूमिकेतली अस्पष्टता आणि वरिष्ठांचा आधार या दोन घटकांची 14 विधानं तरी, सगळा गोंधळ तिथेच होणार आहे. ती घटकाच्या नावाशिवाय, मिसळून, तक्त्याच्या आधीच्या पानावर द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

मोजपट्टी
पुढच्या पानावर उत्तर छापलेलं असताना?

शुभदा
तक्ता दुसऱ्या मेलने पाठवा, पहिलं पान परत आल्यावर.