कापसाच्या पानांचा प्रोजेक्ट: व्हायव्हात ९६ टक्के सांगायचे की नाही?

आर्णीचा_विद्यार्थी
फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. कापसाच्या पानाचा फोटो पाहून ‘निरोगी’ की ‘दहिया’ ते सांगणारं न्यूरल नेटवर्क. MobileNetV2 वापरलं, गावाजवळच्या पाच शेतांतून हजार फोटो काढले, टेस्टवर ९६ टक्के अ‍ॅक्युरसी आली. सिनियर म्हणतात ठरलेले प्रश्न येतात, उत्तरं पाठ कर. ‘एवढी अ‍ॅक्युरसी कशी आली?’ याचं मॉडेल उत्तर काय द्यावं?

पुसदचा_सिनियर
काहून घाबरून राहिला भाऊ? पाठच कर. उत्तर असं: “ट्रान्सफर लर्निंग वापरलं, खालचे थर फ्रीझ केले, ड्रॉपआउट ठेवला. ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशनच्या रेषा शेवटपर्यंत जवळजवळ चालल्या, म्हणजे ओव्हरफिटिंग नाही.” आमच्या वेळी एवढ्यावर काम झालं. एक्स्टर्नलला एका दिवसात सगळे ग्रुप संपवायचे असतात, खोलात कोण जाणार?

दर्यापूरच्या_मॅडम
मी एक्स्टर्नल म्हणून जाते आणि खोलात जाते. वरच्या उत्तराचा पहिला भाग ठीक आहे. पण दोन रेषा जवळ चालल्या याला अर्थ तेव्हाच, जेव्हा व्हॅलिडेशनचे फोटो नेटवर्कला खरोखर अनोळखी असतील.

माझा पुढचा प्रश्न असतो: “एका झाडाचे किती फोटो काढले?” मुलं सांगतात चार-पाच. “मग ते सगळे एकाच बाजूला गेले का?” इथे बहुतेक ग्रुप गप्प होतात. फोटोंची सरमिसळ करून २० टक्के टेस्टला काढले, की एकाच पानाचे तीन फोटो ट्रेनिंगमध्ये आणि चौथा टेस्टमध्ये जातो. तेच पान, तेच ऊन, मागे तीच काळी माती. नेटवर्कने दहिया ओळखला की ते पान ओळखलं, हे त्या ९६ वरून कळतच नाही. ऑगमेंटेशन आधी आणि विभागणी नंतर केली असेल तर आणखी वाईट, कारण टेस्टमधल्या फोटोची उलटवलेली प्रत ट्रेनिंगमध्ये बसलेली असते.

म्हणून विभागणी शेतानुसार कर. प्रत्येक फोटोला शेताचा क्रमांक दे आणि हे चालव:

```python
from sklearn.model_selection import GroupShuffleSplit
gss = GroupShuffleSplit(n_splits=1, test_size=0.2, random_state=42)
train_idx, test_idx = next(gss.split(X, y, groups=shet))
```

इथला `0.2` म्हणजे फोटोंचा नाही, शेतांचा वाटा. पाच शेतं असतील तर एक अख्खं शेत बाहेर राहील. जमलं तर पाचही शेतं आळीपाळीने बाहेर ठेवून पाच आकडे काढ, कारण एकच शेत सोपं किंवा अवघड निघू शकतं.

हिंगणघाट_आयटी
माझ्या मते मार्क डेमोवर ठरतात. आमचा प्रोजेक्ट फळांच्या फोटोंचा होता. व्हायव्हाच्या खोलीत रेंज नव्हती आणि कोडमध्ये `weights='imagenet'` तसंच होतं. लॅबचं मशीन नवीन, त्याने वेट्स डाउनलोड करायला घेतले आणि तिथेच अडकलं. ट्रेन केलेलं मॉडेल `.keras` फाइलमध्ये सेव्ह करून तेच लोड करा. आणि क्लासचा क्रम लिहून ठेवा. फोल्डरमधून डेटा वाचताना Keras नावांच्या अक्षरक्रमाने क्रमांक देतं. आमची यादी उलटी होती, म्हणून संत्र्याला मोसंबी म्हणत होतं.

दर्यापूरच्या_मॅडम
उपयोगी सूचना आहे, पण आर्णीच्या मुलाचा प्रश्न आकड्याचा आहे.

बांधावरचा_माणूस
मला नेटवर्कमधलं कळत नाही, कापूस कळतो. फोटो पानाच्या कोणत्या बाजूचे आहेत? दहिया आधी खालच्या, जुन्या पानांवर येतो आणि पांढरी बुरशी बहुतेक पानाच्या खालच्या अंगाला दिसते, दही शिंपडल्यासारखी. वरून पाहिलं तर सुरुवातीला फक्त फिकट, कोनाकोनाचे डाग असतात. उभ्याने वरून मोबाइल धरला असेल तर अर्धा रोग फोटोत आलाच नाही. आणि ‘दहिया’ हे लेबल लावलं कोणी? पान उलटून पाहिलं होतं का?

दर्यापूरच्या_मॅडम
हा प्रश्न मी यापुढे प्रत्येक ग्रुपला विचारणार. लेबल चुकलं असेल तर नेटवर्क ती चूकच इमानाने शिकतं, आणि टेस्टची लेबलंही त्याच हातची असली तर अ‍ॅक्युरसीत काही दिसत नाही.

आर्णीचा_विद्यार्थी
शेतानुसार विभागणी करून पुन्हा ट्रेन केलं. बाहेर ठेवलेल्या शेताचे २०० फोटो: १६० निरोगी, ४० दहिया. निरोगीपैकी १५७ बरोबर, दहियापैकी २५ बरोबर. म्हणजे ९१ टक्के. फोटो वरूनच काढलेत. लेबलं बाबांनी आणि मी मिळून लावली, बाबा पान उलटून पाहायचे. आता रिपोर्ट बाइंड झालाय, त्यात ९६ छापलंय. काय सांगू?

पुसदचा_सिनियर
रिपोर्टमधलंच सांग. छापील एक आणि तोंडी एक म्हटलं की पहिला संशय तुझ्यावरच येणार. गाइडची सही ९६ वर आहे. ९१ चं काम ‘फ्यूचर स्कोप’मध्ये टाक.

दर्यापूरच्या_मॅडम
मला हे पटत नाही. ९६ सांगितलं आणि मी विभागणीचं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर उरत नाही. शिवाय ९१ सुद्धा उघडून पाहायला हवं. १६० फोटो निरोगी आहेत, म्हणजे डोळे मिटून प्रत्येक पानाला ‘निरोगी’ म्हणणाऱ्यालाही ८० टक्के मिळतात. खरा आकडा दहियाचा: ४० पैकी २५, म्हणजे रिकॉल ६२.५ टक्के. पंधरा रोगट पानं सुटली. उलट बाजूने, मॉडेलने ‘दहिया’ म्हटलेल्या २८ पानांपैकी २५ खरी होती, म्हणजे ते दहिया म्हणालं तर बहुधा असतोच.

माझं मॉडेल उत्तर असं:

“रिपोर्टमध्ये ९६ टक्के आहे. त्यात एकाच झाडाचे फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले होते. नंतर एक शेत पूर्ण बाहेर ठेवून तपासलं तेव्हा ९१ आलं आणि दहियाचा रिकॉल ६२.५. फोटो पानाच्या वरच्या बाजूचे आहेत, त्यामुळे सुरुवातीचा रोग सुटत असावा असा आमचा अंदाज आहे.”

यावर एक्स्टर्नल विचारणार: “सुटलेली पानं कमी कशी कराल?” तेव्हा ‘जास्त डेटा घेऊ’ एवढंच म्हणू नकोस. थ्रेशोल्ड ०.५ वरून खाली आणला तर जास्त दहिया पकडला जाईल, पण निरोगी पानांवरचे खोटे इशारेही वाढतील, हे दोन्ही सांग. आणि तो थ्रेशोल्ड टेस्टच्या शेतावर पाहून ठरवायचा नाही. त्यासाठी चार शेतांतलं एक व्हॅलिडेशनला ठेव.

पुसदचा_सिनियर
मॅडम, तुम्ही समोर असाल तर हे उत्तर चालेल. सगळे एक्स्टर्नल तुमच्यासारखे नसतात. एखाद्याने ‘रिपोर्ट चुकीचा आहे’ एवढंच ऐकलं तर पोराचे मार्क गेले. आधी गाइडला विचारावं एवढं तरी म्हणा.

दर्यापूरच्या_मॅडम
गाइडला आधी दाखवायलाच हवं, हे मान्य. नवा तक्ता एका पानावर छापून, त्यावर त्यांची सही घेऊन रिपोर्टला जोडता आला तर उत्तम. त्यांनी नाही म्हटलं तर काय करायचं, यावर आपलं एकमत होणार नाही. मी तरीही विचारल्यावर खरा आकडाच सांगायला सांगेन.

बांधावरचा_माणूस
अंदाज कशाला म्हणतो? ती सुटलेली पंधरा पानं काढून बाबांना दाखव. वरून काहीच दिसत नसलेली किती, आणि डाग स्पष्ट असून मशीनने सोडलेली किती, ते वेगळं कर.

आर्णीचा_विद्यार्थी
आज संध्याकाळी बसतो बाबांसोबत. गाइड सरांना उद्या तक्ता दाखवतो.