शब्दचर्चा : एकाच श्लोकात तीन ‘इव’

उंबरठा : मृच्छकटिकाच्या पहिल्या अंकातला अंधाराचा श्लोक मराठीत आणतेय.

लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः ।
असत्पुरुषसेवेव दृष्टिर्विफलतां गता ॥

तिन्ही ठिकाणी ‘सारखा’ घातलं, तर वाचताना अडखळायला होतं. ‘इव’ला मराठीत नेमका शब्द कोणता?

पाटीपेन्सिल : इव म्हणजे सारखा, जसा. इव दिसला की उपमा. ‘जणू’ नुसतं नटवण्यासाठी असतं.

जुनी वही : उपमेत इव येतो हे खरं, पण इव दिसला की उपमाच, असं नाही. इव कोणाला चिकटलाय ते बघा. ‘सेवा इव’ इथे तो नामाला लागलाय. सेवा हे उपमान, दृष्टी उपमेय, आणि दोघींत समान काय, तर वाया जाणं. ही सरळ उपमा. पण ‘लिम्पति इव’, ‘वर्षति इव’ इथे तो क्रियापदाला लागलाय. अंधार माखतोय, पण कोणासारखा? उपमान दाखवताच येत नाही. दंडीने याच ओळीवर वाद घातलाय : क्रियापद उपमान होऊ शकत नाही, म्हणून ही उत्प्रेक्षा. तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी ‘जणू’, तिसऱ्या ठिकाणी ‘जशी’.

चहाटळ : मला तर शाळेत ‘वागर्थाविव’मधला ‘विव’ हा वेगळा शब्दच वाटायचा! वागर्थौ + इव हे फार उशिरा कळलं. ‘मातृवत्’मधला ‘वत्’ही यातलाच ना?

जुनी वही : अर्थाने जवळचा, पण तो प्रत्यय आहे, शब्दाला जोडूनच येतो. इथे नको ओढायला.

उंबरठा : मग हे कसं वाटतं? ‘अंधार जणू अंगाला माखतोय, आकाश जणू काजळ वर्षतंय, दुर्जनाच्या सेवेसारखे डोळे फुकट गेले.’

जुनी वही : दोन खटके. ‘आकाश जणू काजळ वर्षतंय’ यात ‘जणू’ काजळाला जाऊन चिकटतो. पडतंय ते काजळासारखं काहीतरी, असं वाटतं. मुळात शंका वर्षण्यावर आहे. ‘आकाश काजळ वर्षतंय जणू’ म्हणा. दुसरं, मुळात सेवा आणि दृष्टी दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी. तुम्ही ‘डोळे’ घेतलेत आणि जोडी मोडली. शिवाय ‘सेवेसारखे डोळे’ म्हटलं की डोळेच सेवेसारखे दिसतात, असा अर्थ निघतो. ‘दुर्जनाची सेवा जशी, तशी नजर वाया गेली’ म्हटलं की ‘वाया गेली’ दोघींनाही लागू पडतं.

पाटीपेन्सिल : लिंग जुळलंच पाहिजे? मराठीत आपण ‘दगडासारखी भाकरी’ म्हणतोच की.

जुनी वही : म्हणतो. दंडीसुद्धा म्हणतो की रसिकांना खटकत नसेल तर लिंग-वचनाचा फरक हा दोष नाही. इथे मला खटकलं, एवढंच.

उंबरठा : ‘नजर’ घेते. पण ‘वर्षतंय जणू’ने माझी लय बिघडतेय, त्यामुळे ती ओळ अजून तशीच ठेवलीय.